स्टिकरवरचा पत्ता आणि फोनमधला पत्ता

मावशीचं घर मिरजेत. खाली मावशी आणि काका, वरच्या मजल्यावर नर्सिंग शिकणाऱ्या चार मुली भाड्याने. गेल्या जूनमध्ये जुन्या मुली गेल्या, नव्या आल्या आणि मावशीचा फोन आला, "अगं, संध्याकाळी टीव्हीवर नुसतं गोल गोल फिरत बसतं. वायफायचा पासवर्ड घेतल्यापासून तोच आहे, आत्तापर्यंत अख्ख्या गल्लीला पाठ झाला असेल. येशील तेव्हा तेवढा बदलून दे." मी म्हटलं, पाच मिनिटांचं काम आहे. रविवारी दुपारी गेले आणि ते काम रात्री आठला संपलं. त्यातला बहुतेक वेळ एकाच गोष्टीत गेला: राउटरचं पान उघडायचं कुठे, हेच सापडेना.

राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे, खिळ्याला टांगलेला. तीन अँटेनांचा काळा डबा, शेजारी फायबरची पातळ वायर शिरलेला छोटा पांढरा डबा. काळा डबा उलटा करून पाहिला तर मागे स्टिकर होतं. त्यावर मॉडेलचं नाव, पत्ता 192.168.1.1, खाली युजरनेम आणि पासवर्ड, दोन्ही `admin`. माझ्या पुण्याच्या घरीही हाच पत्ता आहे, त्यामुळे शंका घ्यायचं काही कारणच नव्हतं.

माझा फोन अजून त्यांच्या वायफायला जोडलेला नव्हता. पासवर्ड काकांच्या डायरीत होता, पण त्यातलं एक अक्षर शून्य आहे की ओ, हे काकांनाच माहीत, आणि काका कृष्णाघाटाकडे फिरायला गेलेले. म्हणून मावशीचा फोन घेतला. सहा-सात वर्षं जुना अँड्रॉइड, पण वायफाय चालू, व्हॉट्सअॅप चालू. ब्राउझरमध्ये 192.168.1.1 टाइप केलं. वरची निळी रेघ थोडी पुढे सरकली आणि तिथेच थांबली. बऱ्याच वेळाने पांढरं पान आलं, त्यावर बारीक अक्षरात

```
ERR_CONNECTION_TIMED_OUT
```

पुन्हा टाकलं, पुन्हा तेच. मग दुसरा नेहमीचा पत्ता, 192.168.0.1. तिथेही तसंच.

या ओळीकडे मी त्या वेळी नीट लक्ष दिलं नाही. दिलं असतं तर दोन तास वाचले असते. टाइम आउट याचा अर्थ हाक मारली, पण पलीकडून "हो" आलं नाही आणि "नाही"ही आलं नाही. राउटर त्या पत्त्यावर असता आणि त्याने पान दाखवायला नकार दिला असता, तर बहुधा लगेच, क्षणात, वेगळा संदेश आला असता, त्यात `REFUSED` हा शब्द दिसला असता. इतकी वाट बघून कोणीच न बोलणं म्हणजे त्या पत्त्यावर कोणी राहतच नाही, असं समजायला हरकत नव्हती. मी मात्र राउटर बिघडलाय का, ब्राउझर खराब आहे का, यातच अडकले.

इतक्यात वरच्या मुलींपैकी एक खाली आली. तिने सगळं ऐकलं, आपल्या फोनवर 192.168.0.1 टाकलं आणि म्हणाली, "ताई, माझ्याकडे तर उघडतंय की."

खरंच उघडलं होतं. तिच्या फोनवर राउटरचं लॉगिनचं पान होतं. तोच पत्ता मावशीच्या फोनवर टाकला तर टाइम आउट. एकाच खोलीत, एकाच टेबलाशी, एकाच वेळी. मावशी म्हणाली, "म्हणजे माझाच फोन बाद झालाय." मग तिला आठवलं की केबलवाला एकदा काहीतरी बिघडल्यावर डब्याच्या मागच्या भोकात टाचणी घालून बसला होता, आणि ती साडीची पिन घेऊन आलीही.

मी तिचा हात धरला, आणि त्या दिवसात मी केलेलं सर्वांत शहाणपणाचं काम तेच. त्या भोकातलं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरलं की राउटर कारखान्यातून आला तसा होतो. मग स्टिकरवरचा पत्ता नक्की चालतो, हे खरं. पण त्याबरोबर राउटरमध्ये भरलेलं सगळं पुसलं जातं. आपल्याकडे गल्लोगल्ली जे केबलवाले फायबर देतात, त्यांच्यापैकी बरेच जण राउटरमध्ये प्रत्येक घराचं एक वेगळं युजरनेम आणि पासवर्ड टाकून ठेवतात. राउटर रोज त्यावरच त्यांच्याकडे हजेरी लावतो आणि मग इंटरनेट येतं. याला ते पीपीपीओई म्हणतात. ही जोडी वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळी असते आणि घरात सहसा कोणाकडे लिहिलेली नसते. टाचणी दाबली असती तर पान उघडलं असतं आणि इंटरनेट मात्र सोमवारी केबलवाला येईपर्यंत गेलं असतं. वर चार मुलींच्या परीक्षा चालू होत्या. पिन परत साडीला गेली.

केबलवाल्याला फोन लावला. रविवार होता, त्याने उचलला नाही.

तेव्हा मग मी सरळ विचार करायला बसले. मावशीचा फोन इंटरनेटला पोचतोय, म्हणजे तो राउटरमधूनच बाहेर जातोय. बाहेर जायला त्याला राउटरचा पत्ता माहीत असावाच लागतो. फोन वायफायला जोडला जातो त्या क्षणी राउटर त्याला तीन-चार गोष्टी हातात देतो: तुझा स्वतःचा नंबर हा, घराच्या जाळ्याची हद्द एवढी, नावांचे नंबर विचारायचे असतील तर इथे विचार, आणि बाहेर जायचं दार हे. हे दार म्हणजेच गेटवे, आणि घरातल्या साध्या जोडणीत गेटवे म्हणजे राउटर. स्टिकरवर लिहिलेला पत्ता हा राउटर कारखान्यातून निघाला तेव्हाचा. नंतर कोणी बदलला तर स्टिकर काही आपोआप बदलत नाही. पण फोनमधला पत्ता आत्ता, या क्षणी राउटरने स्वतः दिलेला आहे. व्हॉट्सअॅप चालतंय म्हणजे तो बरोबर आहे.

मावशीच्या फोनच्या सेटिंगमध्ये गेले. वायफाय, मग त्यांच्या नेटवर्कच्या नावावर बोट दाबून धरलं, आतलं पान उघडलं. तिथे सिग्नल किती, वेग किती आणि `IP address` एवढंच. त्यासमोर 192.168.10.7. गेटवेची ओळच नाही. जुन्या अँड्रॉइडमध्ये बऱ्याचदा असंच असतं, फोनला दार माहीत असतं पण तो ते दाखवत नाही.

इथे मी एक चूक केली. ती बरेच जण करत असतील, म्हणून सविस्तर सांगते. मी कुठेतरी ऐकलं होतं की अशा फोनमध्ये नेटवर्क बदला, प्रगत पर्याय, आणि तिथे `DHCP` च्या जागी `Static` निवडलं की गेटवे दिसतो. तसं केलं. खाली रकाने उघडले आणि गेटवेच्या रकान्यात दिसलं 192.168.1.1. मी आनंदाने ओरडले. मग ध्यानात आलं की हा तर तोच पत्ता, जो मघापासून उघडत नाहीये.

फोन जवळ धरून नीट पाहिलं. ती अक्षरं काळी नव्हती, फिकट राखाडी होती. वरच्या रकान्यात, फोनच्या स्वतःच्या नंबरच्या जागी, तसंच राखाडी 192.168.1.128. आणि खाली 8.8.8.8. आता मावशीच्या फोनचा खरा नंबर तर मी मिनिटभरापूर्वी पाहिला होता, 192.168.10.7. मग हा 128 कुठून आला? हा कुठूनच आलेला नाही. ते रिकाम्या रकान्यातले नमुने आहेत, एखाद्या फॉर्मवर "नाव: राम गणेश पाटील" असं फिकट छापलेलं असतं तसे. अँड्रॉइड बनवणाऱ्यांनी काय भरायचं हे कळावं म्हणून ते टाकले आहेत, आणि मावशीच्या घरच्या राउटरशी त्यांचा काही संबंध नाही. योगायोगाने नमुन्यातला गेटवे म्हणजे जगातला सर्वांत नेहमीचा पत्ता, म्हणून माणूस सहज फसतो. काही फोन तिथे खरा पत्ता भरून दाखवतातही. ओळखायची खूण सोपी आहे: त्याच पानावर फोनचा नंबर आधी पाहिलेल्या खऱ्या नंबराशी जुळतो का ते बघायचं. जुळत नसेल तर खालचा गेटवेही खरा नाही. काही सेव्ह न करता मी मागे आले. तिथे चुकीचे आकडे भरून सेव्ह केले असते तर मावशीच्या फोनचं इंटरनेटच बंद पडलं असतं.

पण 192.168.10.7 या आकड्यातून अर्धं काम झालं होतं. घरगुती राउटरमध्ये सहसा पहिले तीन आकडे घरातल्या सगळ्या यंत्रांचे सारखे असतात, राउटरचेही, आणि फक्त शेवटचा वेगळा. म्हणजे राउटर 192.168.10 नंतर काहीतरी. शेवटी बहुतेक वेळा 1 असतो. पण 254 ठेवणारेही असतात, आणि मला आता अंदाजावर चालायचं नव्हतं.

काका साडेपाचला आले. त्यांचा फोन गेल्या दिवाळीत घेतलेला. त्यात वायफायच्या नावासमोरच्या दातेरी चाकावर दाबलं, खाली सरकवलं, आणि तिथे सगळं ओळीने लिहिलेलं:

```
IP address   192.168.10.12
Gateway      192.168.10.1
Subnet mask  255.255.255.0
```

मधली ओळ वाचून जो आनंद झाला तो मी लपवला नाही. काकांना म्हटलं, "हा बघा तुमच्या डब्याचा खरा पत्ता." काकांनी लगेच स्वतःच ब्राउझर उघडून तो टाइप केला. उघडलं नाही. शोधाचं पान आलं, त्यात कुठल्या तरी राउटरच्या जाहिराती. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं तर वर लिहिलं होतं १९२.१६८.१०.१. काकांचा कीबोर्ड मराठी. त्यावर आकडेही देवनागरीच उमटतात, आणि ब्राउझरच्या लेखी तो पत्ता नसून कुठलातरी मजकूर होता, म्हणून त्याने तो शोधायला पाठवला. कीबोर्ड इंग्रजी केला, पुढे `http://` सुद्धा लिहिलं म्हणजे शंकाच नको.

```
http://192.168.10.1
```

एका सेकंदात पान आलं. वर राउटरच्या कंपनीचं चिन्ह, खाली मॉडेलचं नाव, आणि ते नाव स्टिकरवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळत होतं. हे जुळवणं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण तोवर मला मुलीच्या फोनवर उघडलेल्या त्या दुसऱ्या पानाचं कोडं उलगडू लागलं होतं. पत्त्याच्या पट्टीत "सुरक्षित नाही" असं दिसत होतं, त्याने काका जरा बिचकले. घरच्या राउटरचं पान बऱ्याचदा साध्या `http` वरच चालतं, त्यामुळे ही खूण येते. आपल्याच घरातल्या वायफायवरून, मॉडेलचं नाव तपासून आपण आत जातोय, तेव्हा तिथे घाबरायचं कारण नाही.

मग वर गेले. त्या मुलीचा फोन आयफोन होता. आयफोनमध्ये हे आणखी सोपं: वायफायच्या यादीत नावासमोरच्या निळ्या गोलातल्या आय या अक्षरावर दाबायचं आणि खाली `Router` अशी ओळच असते. तिच्याकडे तिथे 192.168.0.1. वायफायचं नाव पाहिलं तर तेही वेगळं. आणि मग खोलीच्या माळ्यावर एक छोटा पांढरा राउटर दिसला. आधीच्या मुलींनी वर्गणी काढून घेतला होता, खालच्या काळ्या डब्यातून जिन्यावरून वायर ओढून त्यात लावली होती, आणि जाताना तसाच सोडून गेल्या होत्या. खाली हॉलमध्ये बसली तरी तिचा फोन वरच्याच वायफायला चिकटून होता.

म्हणजे घरात दोन राउटर, एकामागे एक. वरच्या फोनचं दार वरचा डबा, खालच्या फोनचं दार खालचा. तिच्या फोनवर मी मुद्दाम 192.168.10.1 टाकून पाहिलं आणि खालच्या राउटरचं पान उघडलं, कारण वरच्या डब्याला बाहेर जायचा रस्ता खालच्या डब्यातूनच आहे. उलटं मात्र होत नाही. खालून 192.168.0.1 मागितलं की काळ्या डब्याला वाटतं हा पत्ता बाहेरचा कुठला तरी आहे, तो ती मागणी केबलवाल्याकडे ढकलतो, आणि 192.168 ने सुरू होणारे पत्ते हे मुळात घराच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवलेले असल्याने ती तिकडे हरवते. म्हणूनच तो टाइम आउट. कोणाचाच फोन बाद नव्हता. फोन खरं तेच सांगत होते, आपापल्या दाराबद्दल.

त्या मुलीच्या पानावर मी दुपारीच लॉगिन करून पासवर्ड बदलला असता तर काय झालं असतं, हे मनात आलं. वरच्या डब्याचा पासवर्ड बदलला असता, चार मुलींचे फोन तुटले असते, आणि गल्लीला माहीत असलेला खालचा पासवर्ड जसाच्या तसा राहिला असता. पान उघडलं म्हणजे ते हव्या त्या डब्याचंच आहे असं नाही.

आता लॉगिन. `admin`, `admin`. नाही म्हणाला. दोनदा टाकून थांबले, कारण जास्त वेळा चुकलं की काही राउटर थोडा वेळ कुलूपबंद होतात. पत्ता फोन सांगतो, पण हा आतला पासवर्ड फोनला माहीत नसतो. तो ज्याने लावला त्यालाच विचारावा लागतो. सातच्या सुमारास केबलवाल्याचा आपणहून फोन आला. "बोला ताई."

मी विचारलं, "दादा, मावशीच्या राउटरचा पत्ता तुम्ही बदललाय का?"

"हो तर. 10.1 ठेवतो मी सगळीकडे." मग त्याने कारण सांगितलं, ते मला पटलं. फायबरची वायर जिथे शिरते त्या पांढऱ्या डब्याचा, म्हणजे ओएनटीचा, कारखान्यातला पत्ताही 192.168.1.1. काळ्या राउटरचाही तोच. दोघांना एकाच नंबरवर ठेवलं तर जोडणी करताना गोंधळ होतो, कोणाचं पान उघडतंय कळत नाही. म्हणून तो बसवतानाच राउटरचा तिसरा आकडा बदलून टाकतो. "काकांना सांगितलं होतं की," तो म्हणाला. काकांना आठवत नव्हतं. त्याने आतला पासवर्ड सांगितला, मी पहिल्यांदाच आत गेले.

पुढचं काम खरोखर पाच मिनिटांचं होतं. जोडलेल्या यंत्रांची यादी पाहिली तर त्यात टीव्ही, मावशी, काका, वरचा डबा, आणि पाच अनोळखी फोन. वायफायचा पासवर्ड बदलला. सेव्ह दाबताच काकांचा फोन वायफायवरून तुटला आणि पान अर्धवट राहिलं. हे व्हायचंच असतं, नवा पासवर्ड टाकून पुन्हा जोडून घ्यायचं. पण वरच्या मजल्याला काही फरक पडला नाही, कारण तो डबा वायरने जोडलेला. आतल्या पानाचा पासवर्डही बदलला आणि केबलवाल्याला कळवला, कारण उद्या काही बिघडलं तर तोच येणार. परत यादी पाहिली, त्यात आता चारच नावं होती आणि चौघंही घरातली.

निघण्याआधी मावशीने चिकटपट्टी आणली. स्टिकरवरच्या 192.168.1.1 वर मी कागदाचा तुकडा लावला आणि त्यावर इंग्रजी आकड्यांत 192.168.10.1 लिहिलं. वरच्या पांढऱ्या डब्यावरही एक: "वरचा, 192.168.0.1". आतले पासवर्ड डब्यावर नाही, काकांच्या डायरीत. या वेळी शून्याच्या पोटात आडवी रेघ मारून.